गाडीत म्युझिक सिस्टिम बसवताना: पॉवर, अर्थिंग आणि इंजिनसोबत वाढणारी शिट्टी

गाडीत स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर बसवला, गाणं छान वाजलं, आणि इंजिन चालू करताच स्पीकरमधून बारीक शिट्टी यायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की शिट्टीही चढते. तालुक्याच्या दुकानात ही तक्रार घेऊन गेलं की बहुतेक वेळा एक फिल्टर विकला जातो. खरं तर ही शिट्टी फिटिंगच्या दिवशीच गाडीत शिरलेली असते, अर्थिंगच्या एका वाईट बोल्टातून किंवा चुकीच्या बाजूने नेलेल्या वायरीतून. म्हणून पॉवर, अर्थिंग आणि वायर कुठून न्यायची, या तीन गोष्टींवर इथे जास्त भर आहे. पॅनल कसं उघडायचं ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं आणि एकदा पाहिलं की जमतं.

उदाहरण म्हणून वॅगनआर किंवा अल्टोसारखी जुनी पेट्रोल गाडी घेऊ. बसवायचं आहे: एक स्टिरिओ, दारांत चार स्पीकर आणि सीटखाली चार चॅनेलचा, चॅनेलमागे 50 वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग 50 वॉट देणारा ॲम्प्लिफायर. सबवूफर नाही.

ॲम्प्लिफायर लागतोच का?

स्टिरिओच्या खोक्यावर ‘50 वॉट x 4’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गाडीच्या 12 ते 14 व्होल्टवर थेट चालणारा स्टिरिओ 4 ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे साधारण 20 वॉटच स्वच्छ पॉवर देऊ शकतो. गावातल्या गावात फिरायला तेवढं पुरतं. पण खिडक्या उघड्या ठेवून हायवेला जाणाऱ्याला ते अपुरं पडतं. मग तो आवाज शेवटपर्यंत चढवतो, आवाज फाटतो आणि आधी छोटे ट्वीटर जळतात. म्हणजे स्पीकर जास्त पॉवरने कमी आणि फाटलेल्या आवाजाने जास्त मरतात. ॲम्प्लिफायर नको असेल तर पुढचा स्टिरिओचा भाग करून थांबा, त्याने काही बिघडत नाही.

सामान

पॉवर आणि अर्थिंगसाठी 8 चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, पॉवरला 4 मीटर आणि अर्थिंगला अर्धा मीटर. 30 अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर. स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरकडे गाण्याचा सिग्नल नेणारी दोन जोड्यांची आरसीए केबल, 5 मीटर. रिमोटसाठी, म्हणजे स्टिरिओसोबत ॲम्प्लिफायर चालू-बंद करायला, पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर, स्पीकरसाठी दीड चौरस मिलिमीटरची जोडवायर. थिंबल, दातेरी वायसर, हीट श्रिंक स्लीव्ह, नळीसारखी घडीची प्लास्टिक स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, केबल टाय. गाडीच्या मॉडेलचा स्टिरिओ कपलर. आणि एक डिजिटल मल्टिमीटर, कारण त्याच्याशिवाय यातलं अर्धं काम अंदाजाने होतं.

वायर घेताना तिथेच दुकानात एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. वरून जाड, चमकदार आणि स्वस्त, पण तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. शिवाय थिंबलमध्ये ती कालांतराने सैल पडते. ‘ॲम्प्लिफायर वायरिंग किट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत हीच वायर असते.

जाडीचा हिशोब असा. चारही चॅनेल जोरात चालले की 200 वॉट बाहेर जातात. साध्या क्लास-एबी ॲम्प्लिफायरमध्ये बरीच पॉवर उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून साधारण 25 अँपिअर ओढले जातात. 4 मीटर लांब, 8 चौरस मिलिमीटरच्या तांब्यात तेवढ्या करंटला पाव व्होल्टहून कमी पडतो. घरच्या वायरिंगची उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि वायर गरम होते. प्रत्येक ढोलाच्या ठोक्याला आवाज दबल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

आधी स्टिरिओ आणि स्पीकर

10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी काढली की तो धोका राहत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर काही मिनिटं थांबून मगच डॅशबोर्डला हात लावा.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची पॉवर, लाल म्हणजे चावीवर येणारी, काळी अर्थ, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरची रिमोट. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळा पट्टा असलेली ती निगेटिव्ह. पण गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग याच्याशी जुळतीलच असं नाही. जुन्या गाडीत तर आधीच्या कुणीतरी काहीतरी कापून जोडलेलं असतंच. म्हणून तपासण्यापुरती बॅटरी जोडून मीटरने पाहा: काळा प्रोब उघड्या लोखंडाला, चावी काढलेली. जिथे 12 व्होल्टच्या वर दिसतं ती पिवळीची जागा. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर जिथे पॉवर येते ती लालची.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर चावी काढताच स्टिरिओची मेमरी जाते, रोज घड्याळ नव्याने लावावं लागतं. दोन्ही बॅटरीलाच जोडल्या तर स्टिरिओ बंदच होत नाही आणि दोन दिवसांत गाडीला धक्का मारायची वेळ येते.

स्पीकरच्या जोड्या ओळखायला दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल घ्या. जोडीला क्षणभर टेकवला की त्या दारातून ‘खर्र’ येतं. जाळी काढून पडद्यावर नजर ठेवली तर पोलॅरिटीही कळते: पडदा बाहेर उचलला तर सेलच्या पॉझिटिव्हला लागलेली वायर पॉझिटिव्ह. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर काही जळत नाही, पण खर्जाचा आवाज गायब होतो, कारण एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. नवा माणूस मग ‘बास’ वाढवत बसतो.

स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीच जोडू नका. फार जुन्या गाड्यांत तशी पद्धत होती. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं, त्यातली एक अर्थला लागली की आतली चिप जाते.

कपलर वापरला तर गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही. जोड द्यावाच लागला तर थिंबल किंवा स्लीव्ह पक्कडीने दाबून वर हीट श्रिंक चढवा. नुसती काळी टेप मे महिन्यात टिकत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे टेपचा डिंक पातळ होतो, टेप घसरते आणि जोड उघडा पडतो.

दारात स्पीकर बसवताना वायर मूळच्या रबरी नळीतूनच न्या. पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आतूनच खाली जातं, ते तसंच बनवलेलं आहे. म्हणून स्पीकरच्या वर प्लास्टिकची छत्री लावा आणि वायर कनेक्टरच्या खाली लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे पाणी वायरवरून टपकून जातं, टर्मिनलपर्यंत पोचत नाही.

पॉवरची वायर

फ्यूज होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरावर, फार तर 30 सेंटीमीटरच्या आत. ॲम्प्लिफायरवर स्वतःचा फ्यूज असतो, मग हा कशाला, असं विचारलं जातं. हा फ्यूज वायरसाठी आहे. बोनेटमध्ये कुठे वायर सोलली जाऊन पत्र्याला लागली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि ॲम्प्लिफायरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. बॅटरी ते फ्यूज एवढाच तुकडा असुरक्षित राहतो, म्हणून तो आखूड. फ्यूज होल्डर बसवा, पण फ्यूज खिशात ठेवा. तो शेवटी लागेल.

बोनेटमधून आत येताना फायरवॉलमधला आधीचा एखादा रबरी ग्रोमेट शोधा. त्याला बारीक भोक पाडून सायकलच्या ब्रेकची जुनी तार आधी आत ढकला, तिला वायर बांधून ओढून घ्या. नवं भोक पाडावंच लागलं तर ग्रोमेटशिवाय वायर घालू नका. इथल्या रस्त्यांवर पत्र्याची धार वायरीचं प्लास्टिक करवतीसारखं कापते. वायर गेल्यावर सिलिकॉनने सांध भरा, नाहीतर पहिल्या पावसात पायाखालचं मॅटिंग ओलं होतं.

बोनेटमधला सगळा भाग घडीच्या स्लीव्हमधून न्या. उष्णतेसाठी आहेच, पण सरकीच्या किंवा धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हा वायरिंगचा खरा शत्रू आहे. वायर दर 20-25 सेंटीमीटरवर केबल टायने बांधा. सायलेन्सरच्या पाइपापासून, पंख्यापासून आणि क्लच-ब्रेकच्या हालचालीपासून लांब ठेवा.

वायरी कुठल्या बाजूने

पॉवरची वायर गाडीच्या ज्या बाजूने आत आली त्याच बाजूच्या दाराच्या पट्टीखालून सीटपर्यंत न्या. आरसीए केबल दुसऱ्या बाजूने किंवा मधल्या कन्सोलखालून. दोघी समांतर एकाच टायने बांधल्या की पॉवर वायरमधली धडधड आरसीएत उतरते. ओलांडणं टळत नसेल तर काटकोनात ओलांडा. रिमोटची बारीक वायर आरसीएसोबत गेली तर चालते.

रिमोट निळ्या-पांढऱ्या वायरलाच जोडा. चावीच्या लाइनवर जोडला तर ॲम्प्लिफायर स्टिरिओच्या आधीच जागा होतो आणि दर वेळी स्पीकरमधून ‘धप्प’ येतो.

आता स्पीकर. ॲम्प्लिफायरच्या चार आउटपुटांतून चार जोडवायरी परत डॅशबोर्डमागे आणून गाडीच्या मूळ स्पीकर वायरींना जोडता येतात. 50 वॉटला 4 ओहमवर साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट जातो, तेवढा मूळ वायर सोसते आणि दारांतून नव्या वायरी ओढायची कटकट वाचते. मात्र स्टिरिओची स्पीकर आउटपुटं त्याआधी पूर्ण सोडवून टोकं वेगवेगळी झाका. एकाच स्पीकरला स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर दोन्ही जोडले गेले तर निदान एक तरी जळतोच.

अर्थिंग

पॉवर वायरीने जेवढा करंट येतो तेवढाच अर्थिंगने परत जातो. म्हणून अर्थची वायर तितकीच जाड, आणि लांबी 45 सेंटीमीटरच्या आत. ॲम्प्लिफायरपासून हातभरावर बॉडीचा जाड पत्रा शोधा. सीटचा किंवा सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. सीटबेल्टचा बोल्ट जिवाशी संबंधित आहे, आणि सीटच्या बोल्टाला खाली रंग आणि सीलंट असतो, त्यामुळे संपर्क धड नसतो. नवं भोक पाडायचं तर आधी गाडीखाली वाकून पाहा. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तिथूनच जाते.

जागा ठरली की रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल खडबडीत पॉलिश पेपरने घासा, रंग, त्याखालचा प्रायमर, सगळं, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. प्रायमरचा करडा थर पुष्कळांना लोखंडच वाटतो आणि तिथेच शिट्टी जन्माला येते. थिंबल थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वायसर, मग बोल्ट-नट. घट्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवा, म्हणजे गंज धरत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी ग्रीस आणि मग थिंबल, तर केलेलं घासणं वाया जातं.

स्टिरिओचं काळं अर्थही सैल प्लास्टिक पट्टीच्या स्क्रूला नको. कपलरमधलं मूळ अर्थ चांगलं असतं. शंका असेल तर डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या पट्टीला घासून बोल्ट करा.

ॲम्प्लिफायर गालिच्यावर सैल ठेवू नका. प्लायवूडच्या तुकड्यावर बसवा, म्हणजे त्याची धातूची बॉडी पत्र्याला लागत नाही. चारही बाजूंनी हवेला दोन बोटं जागा सोडा. सीटखाली ट्रे असेल तर दुसऱ्या सीटखाली. काचेखालच्या डिकीत उन्हाळ्यात तो तापून स्वतःच बंद पडतो.

चालू करणं आणि गेन

बॅटरी जोडण्याआधी मीटर ओहमवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या पॉवर टर्मिनलवरची वायर आणि बॉडी यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहा. स्पीकरची प्रत्येक वायर बॉडीपासून मोकळी आहे का, तेही. मग बॅटरीची निगेटिव्ह जोडा, खिशातला फ्यूज लावा.

ॲम्प्लिफायरवरचा ‘गेन’ हा आवाजाचा कान नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची क्षमता जुळवणारा तो स्क्रू आहे. फिल्टर ‘फुल’वर, बास-ट्रेबल शून्यावर, गेन सगळ्यात खाली, स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरकडून सोडवलेल्या. पेन ड्राइव्हवर 50 हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा टोन लावा, स्टिरिओचा आवाज 40 पैकी 30 वर न्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा.

```
व्होल्ट = √(वॉट × ओहम) = √(50 × 4) ≈ 14.1
```

मीटर 14 दाखवेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा. स्पीकरची आरएमएस क्षमता 40 वॉट असेल तर सूत्रात 40 घाला, म्हणजे साडेबारा व्होल्ट. टोन 50 हर्ट्झचा एवढ्यासाठी, की साधे मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीला भरवशाचं मोजतात. नंतर स्पीकर जोडा आणि फिल्टर ‘हाय पास’वर, 80 हर्ट्झला लावा, म्हणजे त्याखालचा खर्ज स्पीकरकडे जात नाही. दारातल्या छोट्या स्पीकरवरचं ओझं लगेच हलकं होतं. गेन विनाकारण जास्त ठेवला तर गाण्यासोबत वायरीतला कचराही तेवढाच मोठा होतो.

तरीही शिट्टी आली तर

कारण समजून घेतलं तर शोध सोपा होतो. अल्टरनेटर एसी तयार करतो, आतले डायोड त्याचं डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच आणि ती इंजिनच्या वेगासोबत बदलते. स्टिरिओचं अर्थ एका ठिकाणी, ॲम्प्लिफायरचं दुसऱ्या. दोन्ही जागांत काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी तो भरून काढायला करंट आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो. ॲम्प्लिफायर त्याला गाण्याचाच भाग समजून मोठा करतो.

पहिली तपासणी: इंजिन चालू, गाणं जोरात. मीटर डीसी व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. 0.3 किंवा जास्त असेल तर पत्रा पुन्हा घासा. घासूनही उतरत नसेल तर बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी ही गाडीची मूळ पट्टी पाहा. जुन्या गाडीत ती हिरवी पडलेली असते.

दुसरी: सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरकडून आरसीए काढा, पुन्हा चालू करा. शिट्टी राहिली तर दोष ॲम्प्लिफायरच्या पॉवर-अर्थमध्ये. गेली तर दोष आरसीएच्या वाटेवर किंवा स्टिरिओकडे. मग नवी आरसीए जमिनीवरून न नेता सीटवरून मोकळी नेऊन जोडून पाहा. शिट्टी थांबली तर जुनी केबल चुकीच्या वाटेने गेली आहे.

तिसरी, जी फार कमी लोक करतात: स्टिरिओच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडी आणि स्टिरिओची बॉडी यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच स्टिरिओत तो शून्याजवळ असतो. काही स्टिरिओत तिथे केसासारखा बारीक फ्यूज असतो आणि चालू सिस्टिममध्ये आरसीए काढली-लावली की तो उडतो. तेव्हापासून शिट्टी सुरू होते. आरसीएला हात लावताना सिस्टिम बंद ठेवायची ती यासाठी.

शिट्टी वेगासोबत चढत नसेल, पण टकटक असेल, तर ती स्पार्क प्लगच्या बाजूची. त्या वायरी आणि इंजिनचं अर्थ पाहा. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतात, तिथे हा शोध घेण्यात वेळ घालवू नका. आणि सगळं नीट असूनही शिट्टी असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला आहे, ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. मात्र काही स्वस्त मीटर डीसीवर एसीचा आकडा खोटाच दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद असताना शून्य येतो का ते पाहा. आरसीएच्या मध्ये बसणारा, जाळीतून वाहणारा तो करंट तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर हा शेवटचा उपाय. स्वस्तातला असेल तर खर्ज खातो.

शिट्टी नसली तरी एक मोजणी राहते. चावी काढून, दारं बंद करून बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दोन मिनिटांनी आकडा 50 मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. 200 दाखवत असेल तर दिवसाला जवळपास 5 अँपिअर-तास जातात, आणि छोट्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात बसते. ॲम्प्लिफायरचा 30 अँपिअरचा फ्यूज काढताच आकडा उतरला तर रिमोटची वायर चुकीच्या ठिकाणी आहे. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर उतरला तर लाल वायर.